गोलाईला स्प्लिट, कोपऱ्याला उलटी टीप: टॉवेलवर 'उर्वी' भरताना

प्रश्न: "भाचीच्या बारशाला देण्यासाठी सोलापुरी टॉवेलच्या पट्ट्यावर 'उर्वी' नाव भरतेय. अक्षरं साधारण दोन सेंटिमीटरची. उलटी टीप घातली की 'व'चा गोल चक्क षटकोनी दिसतो. स्प्लिट स्टिचने गोल छान येतो, पण 'उ'च्या मधली खाच बुजते आणि वेलांटी-रफाराच्या जागी गोळा होतो. नेमका कोणता टाका वापरू?"

ताई, दोन्ही वापरा, आणि तेही एकाच अक्षरात. दोरा आणि पदर तेच ठेवले तर उलटी टीप कुठे संपली आणि स्प्लिट कुठे सुरू झाला हे वरून कुणालाही कळत नाही. तुमचं काम टाक्याच्या निवडीमुळे अडलेलं नाही. गोलाईवर टाका किती लांब घ्यायचा आणि कोपऱ्यावर सुई नेमकी कुठे खाली घालायची, या दोन गोष्टी जुळल्या की काम सुटेल.

आधी कापडाबद्दल बोलते, कारण पुढचं बरंच काही त्यावर ठरतं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर जे टेरी टॉवेल निघतात, त्यांच्या दोन्ही टोकांना सपाट पट्टा असतो. तिथे लूप नसतात, म्हणून अक्षरं तिथेच भरायची. लुपांवर भरलेली बारीक रेघ पहिल्या धुण्यातच आत बुडते. पण पट्टा सपाट असला तरी त्याची वीण जाड असते. सुई आपोआप दोन धाग्यांमधल्या भोकात घसरते, आणि तुम्ही कितीही नीट आखलं तरी गोल पायऱ्यापायऱ्यांचा होतो. त्यावर उपाय म्हणजे पट्ट्याच्या मागे मलमलीचा किंवा पातळ पॉपलीनचा एक तुकडा धावदोऱ्याने टाचून घ्यायचा. मग सुईला टेकायला दुसरा थर मिळतो आणि टाका जिथे हवा तिथेच बसतो. काम झालं की कडेचा जादा तुकडा कापून टाकायचा. मलमल आधी धुऊन घ्या. नाहीतर ती नंतर आटते आणि नाव सुरकुततं. सुई टोकदारच हवी. मॅटीवर भरायची बोथट सुई इथे कामाची नाही, कारण आपल्याला धाग्यांच्या मधून न जाता धागा भेदून जायचं असतं. दोन पदरांसाठी ८ किंवा ९ नंबरची भरतकामाची सुई पुरते.

दोरा सहा पदरी लडीतला, त्यातले दोन पदर घ्या. तीन घेण्याचा मोह होतो, कारण टॉवेल जाड दिसतो. पण स्प्लिट स्टिचमध्ये सुई पदरांच्या मधून जाते. दोन पदर असले की एक डावीकडे आणि एक उजवीकडे राहतो, त्यामुळे रेघ समतोल बसते. तीन असले की एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक, आणि पुढच्या टाक्याला बाजू बदलते. रेघ मग थरथरल्यासारखी दिसते. जाडी हवीच असेल तर चार पदर घ्या, पण दोन सेंटिमीटरच्या अक्षरात चार पदरांनी 'उ'ची खाच हमखास बुजेल.

आता 'व'चा गोल. दोन सेंटिमीटरच्या अक्षरात 'व'चं पोट साधारण दहा मिलिमीटर व्यासाचं येतं. तो गोल षटकोनी दिसतो, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे पुऱ्या वर्तुळाला सहा टाके या हिशेबाने तुमचा एकेक टाका जवळजवळ पाच मिलिमीटरचा पडतोय. वर्तुळाच्या त्रिज्येइतका टाका घेतला की षटकोनच होतो. टाका सरळच असतो, तो काही वाकत नाही. दोन टोकांच्या मध्ये तो खऱ्या गोलाईपासून जितका आत जातो, तितका कोपरा डोळ्याला दिसतो. इथे हे अंतर सुमारे पाऊण मिलिमीटर होतं, म्हणजे तुमच्या दोन पदरी रेघेच्या जाडीएवढं. मग ते दिसणारच.

त्याच वर्तुळाला बारा टाके घातले तर हे अंतर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी उरतं आणि दोऱ्याच्या जाडीत लपून जातं. म्हणून मी शिकवताना एकच सांगते: एवढ्या गोलावर घड्याळाचे बारा आकडे मनात धरा आणि प्रत्येक आकड्यावर पेनाने बारीक ठिपका द्या. दहा मिलिमीटरच्या गोलात एक टाका मग अडीच मिलिमीटरच्या आसपास येतो. 'व'चं पोट काठीपाशी उघडं असतं, म्हणून प्रत्यक्षात नऊ-दहा टाक्यांतच ते पूर्ण होतं. ठिपके दिल्याशिवाय भरायला बसू नका. अंदाजाने भरलं की सुरुवातीचे टाके लहान येतात, हात बसल्यावर लांब होत जातात आणि गोल एका बाजूला चपटा पडतो.

अगदी लहान गोलांना हा हिशेब पुरत नाही. रफाराचा गोल चार मिलिमीटरचा असला तर बारांच्या हिशेबाने एक टाका एक मिलिमीटरचा येतो. एवढा टाका टॉवेलच्या पट्ट्यावर बसत नाही, दोऱ्याचा गुंजाएवढा गोळा होतो. तिथे आठांचा हिशेब धरायचा, म्हणजे टाका दीड मिलिमीटरचा पडतो. थोडासा कोपरा राहतो, पण स्प्लिट स्टिच तो झाकतो.

स्प्लिट गोलाईला चांगला का, हेही बघा. उलट्या टिपेत दोन टाके एका भोकात टोकाला टोक लावून भेटतात, त्यामुळे दिशा एकदम बदलते आणि तो सांधा उघडा राहतो. स्प्लिटमध्ये नवा टाका आधीच्या टाक्याच्या पोटातून निघतो. दोन्ही टाके काही अंतर एकमेकांवर असतात आणि वळण त्या अंतरात विरून जातं. म्हणून पोट, वेलांटीची कमान आणि रफार यांना स्प्लिट, तर काठी, शिरोरेषा आणि कोपऱ्याचे टाके यांना उलटी टीप, अशी वाटणी मी करते.

स्प्लिट टॉवेलवर घालताना एक बदल करा. नेहमीच्या पद्धतीत सुई खालून वर येताना आधीचा टाका फोडते. जाड कापडात खालून काही दिसत नाही. सुई कधी दोन पदरांच्या मधून येते, कधी शेजारून, आणि शेजारून आली की सांध्यापाशी गोलाईला कुबड येतं. त्याऐवजी हा टाका उलट्या टिपेसारखा घाला. सुई एक ठिपका पुढे खालून वर काढा, मग मागे या आणि आधीच्या टाक्याच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात, दोन पदरांच्या बरोबर मध्ये, वरून खाली घाला. जिथे फोडायचं ती जागा तुमच्या डोळ्यांसमोर असते. वरून दिसायला दोन्ही पद्धती जवळजवळ सारख्याच. मागे दोरा थोडा जास्त जातो, एवढाच फरक.

ही सुई दोन वेळा वेगळी मारायची, एकदा वर आणि एकदा खाली. धावदोऱ्यासारखं एकाच झोकात कापड उचलून टाका घेतला तर सुई सरळ जाते, कापड गोळा होतं आणि ओढल्यावर टाका गोलाच्या आत सरकतो. दोरा ओढायचा तोही कापडाला काटकोनात, वरच्या दिशेने. गोलाच्या मध्याकडे ओढला की नऊ-दहा टाक्यांत पोट चांगलं आक्रसतं. टाका कापडावर टेकला की थांबा. रिंगेत पट्टाच घट्ट धरा, पण रात्री रिंग काढून ठेवा, नाहीतर लूप दबून त्यांचा गोल ठसा राहतो.

आता खरी मेहनत, 'उ'ची खाच. शिरोरेषेवरून एक छोटी काठी खाली येते, वरची लहान कमान उजवीकडे वळते आणि आत परत येते, तिथे टोक होतं. मग खालची मोठी कमान सुरू होते. या टोकाशी दोन रेघा अगदी चिंचोळ्या कोनात भेटतात. तुमची खाच दोन कारणांनी बुजते. पहिलं कारण, तुम्ही स्प्लिट तसाच कोपऱ्यावरून पुढे नेताय. नवा टाका टोकाच्या आधीच्या टाक्यातून निघतो आणि ताण पडला की त्याला आतून नव्या दिशेला ओढतो. टोक जागेवर धरून ठेवणारं काहीच नसतं, म्हणून ते गोलावतं. दुसरं कारण कापडावरच्या आखणीत आहे. पेनाची रेघ बारीक असते, दोऱ्याची रेघ जाड. तीस अंशांच्या आसपासच्या कोनात दोन जाड रेघा टोकापासून एखादा मिलिमीटर आधीच एकमेकींना चिकटतात. दोन सेंटिमीटरच्या अक्षरात तेवढी खाच गेली की 'उ' ओळखू येतो, पण गिचमीड दिसतो.

दुसरं कारण आखतानाच मिटवायचं. ट्रेस करताना खाचेचं टोक मूळ अक्षरापेक्षा एक मिलिमीटर जास्त आत काढा आणि कोन किंचित उघडा करा. कागदावर ते जरा विचित्र वाटेल, भरल्यावर बरोबर दिसेल. बाहेरच्या टोकांना, म्हणजे काठीचा खालचा शेंडा वगैरे, याच्या उलट. दोरा गोल असल्याने बाहेरचं टोक भोकाच्या अलीकडेच संपल्यासारखं दिसतं, म्हणून शेवटचं भोक रेघेच्या अर्धा मिलिमीटर पुढे घ्यायचं.

पहिल्या कारणासाठी कोपऱ्यावर रेघ तोडायची. वरची कमान स्प्लिटने भरत या. टोकाच्या आधीचे दोन टाके थोडे आखूड घ्या, दीड मिलिमीटरच्या आसपास. या बाजूला शेवटचा टाका नेहमीसारखा मागे न येता पुढे जाऊन बरोबर टोकाच्या भोकात खाली जाऊ द्या. आता कापड उलटं करा आणि सुई मागच्या एखाद्या टाक्याखालून एकदा काढून घ्या. त्याने दोरा अडकतो आणि टोक जागेवर पक्कं होतं. हे न करता लगेच त्याच भोकातून वर आलात तर शेवटचा टाका उसवून मोकळा होतो, हे कोपऱ्यात नेहमी घडतं.

मग खालच्या कमानीवर, टोकापासून दीड मिलिमीटर पुढे, सुई वर काढा आणि उलट्या टिपेसारखी मागे येऊन खाली घाला. पण टोकाच्या त्याच भोकात नाही. त्याच्या शेजारी, खालच्या कमानीच्या बाजूला, दोऱ्याच्या जाडीएवढं अंतर सोडून. चिंचोळ्या कोनात दोन्ही रेघांना एकच भोक दिलं की दोरे एकमेकांवर चढतात आणि टोकाचा गोळा होतो. शेजारी-शेजारी भोकं घेतली तर डोळा त्यांना एकच टोक समजतो, आणि मधली फट उघडी राहते. साठ-सत्तर अंशांच्या पुढचा कोन असेल तर एकच भोक चालतं. कमानीचा हा पहिला टाका उलट्या टिपेचा, त्यानंतर पुन्हा स्प्लिट सुरू करा.

नीट झालं की नाही हे ओळखायला टॉवेल हातभर लांब धरा आणि डोळे किंचित बारीक करा. खाचेत पांढरं कापड टोकापर्यंत जात असेल तर जमलं. पांढरं मधेच थांबून पुढे नुसता रंग दिसत असेल तर तेवढाच भाग टोकापर्यंत उसवा, सगळं अक्षर उसवायची गरज नाही. मोठी दिसणारी भोकं सुईच्या मागच्या टोकाने हलकेच घासली आणि ओल्या बोटाने दाबली की मिटतात.

'र्वी'वर गोळा होतो, त्याचं कारण निराळं. 'व'ची काठी, त्याच्या शेजारी दीर्घ वेलांटीची काठी, वेलांटीची कमान, वरचा रफार आणि शिरोरेषा, एवढं सगळं काही मिलिमीटरच्या जागेत एकत्र येतं. इथे भरण्याचा क्रम महत्त्वाचा. मी आधी शिरोरेषेच्या खालचं सगळं भरते, मग वरची कमान आणि रफार, आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी. काठ्यांची वरची टोकं शिरोरेषेच्या मध्यरेषेच्या अर्धा मिलिमीटर खालीच थांबवायची. शेवटी शिरोरेषेची उलटी टीप त्यांच्या डोक्यावरून गेली की टोकं झाकली जातात आणि वर एकच स्वच्छ आडवी रेघ राहते. आधी शिरोरेषा भरली की प्रत्येक काठी तिला छेदते आणि तिच्यावर गाठीसारखे उंचवटे येतात.

वेलांटीची कमान काठीच्या डोक्यात न घुसवता काठीच्या डाव्या अंगाला टेकवून थांबवा. रफार छापील अक्षरात जिथे असतो त्याच्या एक मिलिमीटर वर आणि उजवीकडे सरकवा, आणि त्याचा खालचा शेंडा काठीच्या भोकापासून दोऱ्याएवढा दूर ठेवा. छापील अक्षरात तो काठीला चिकटलेला असतो, दोऱ्याने तसं केलं की तिथे रफार आहे हेच कळत नाही. थोडी फट राहिली तर वाचणाऱ्याला तो लगेच सापडतो.

या सगळ्यात आखणी कशावरून केलीत यावरही बरंच अवलंबून आहे. मोबाईलवरच्या कुठल्याही फाँटमधून नाव मोठं करून घेतलं की जाड-बारीक रेघांचं अक्षर येतं, आणि आपली दोऱ्याची रेघ सगळीकडे सारखीच जाड असते. अशा अक्षराची बाहेरची कड ट्रेस करू नका, रेघेच्या मधोमध एकच रेघ काढा. आणि पुढे कधी नावात 'श' किंवा 'ल' असला तर फाँट तपासून घ्या. पुष्कळ फाँट हिंदी वळणाची रूपं देतात. मराठीत देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' लिहायचा असं २००९ च्या शासन निर्णयातही आहे, आणि आजी-आजोबांच्या नजरेत तो फरक लगेच भरतो.

निळ्या पेनाने आखलं असेल, जे पाण्याने जातं, तर टॉवेल धुण्याआधी इस्त्री अजिबात फिरवू नका. उष्णतेने तो निळा रंग कापडात पक्का बसतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर जातो, घामाने बोटं ओली होतात आणि पांढऱ्या पट्ट्यावर निळा फिसकटतो. त्या दिवसांत सकाळी भरा आणि हाताखाली एक कोरडा रुमाल ठेवा. लाल, जांभळा किंवा गडद निळा दोरा असेल तर लडी आधी पाण्यात बुडवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग उतरला तर उतरायचा थांबेपर्यंत पाणी बदलत धुवा.

अक्षरं याहून लहान करायची असतील, एक सेंटिमीटरपर्यंत, तर एकच पदर घ्या. एक पदर फोडून स्प्लिट घालता येतो, पण टॉवेलवर तो टिकत नाही, म्हणून तिथे सगळीकडे लहान उलटी टीपच घाला आणि गोलाला आठांचा हिशेब धरा. एक सेंटिमीटरच्या खाली टॉवेलवर हाताने नाव भरायला मी सांगणार नाही. तेवढं लहान नाव हवं असेल तर पॉपलीनच्या पट्टीवर भरून ती पट्टी टॉवेलला शिवावी.

टाक्याची लांबी वरच्या बाजूलाही मर्यादेत हवी. टॉवेल घासला जातो, बाळाच्या मुठीत जातो. तीन मिलिमीटरहून लांब टाका बोटात अडकून वर येतो, त्यामुळे सरळ काठीवरही टाका तीनच्या आत ठेवा, गोलाईवर तर तो आपोआप लहानच आहे. आणि बाळाचा टॉवेल म्हणून मागे गाठ मारू नका. सुरुवातीला दोऱ्याचं बोटभर टोक मागे सोडून पहिल्या चार-पाच टाक्यांखाली दाबून घ्या. शेवटी सुई मागच्या टाक्यांखालून एकदा पुढे आणि एकदा मागे न्या, मग दोरा कापा. एका अक्षरातून दुसऱ्यात जाताना मागून लांब दोरा ओढू नका. 'उ' संपला की दोरा बंद करा आणि 'र्वी'ला नवा घ्या, कारण पांढऱ्या पट्ट्यातून गडद दोऱ्याची सावली पुढून दिसते, आणि बाळाची बोटं त्यात अडकतात.

बारशाला वेळ असेल तर थेट टॉवेलवर जायच्या आधी जुन्या नॅपकिनच्या पट्ट्यावर, मागे मलमल लावून, फक्त 'उ'ची खाच आणि 'र्वी'चं डोकं भरून बघा. पूर्ण नाव नको. जमलं नाही तर खाचेचा आणि डोक्याचा पुढून-मागून असे दोन फोटो इथेच टाका. पुढून गोळा दिसत असेल तर मागच्या बाजूला एकाच भोकापाशी दोऱ्यांची गर्दी झालेली असते, आणि कुठलं भोक सरकवायचं ते त्या फोटोवरून सांगता येईल.